गाडी चोरीला गेली आणि कंपनी म्हणते ‘उशिरा कळवलंत’: तक्रार कशी करायची

माझ्या मामेभावाची मोटारसायकल 12 मार्च 2024 ला पहाटे कराडमधल्या घरासमोरून गेली. तो सकाळी आठला पोलीस ठाण्यात होता. ठाणे अंमलदार म्हणाले, आजूबाजूला बघा, कुणी नातेवाईक घेऊन गेला असेल, दोन दिवसांनी या. त्याने तरीही लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. गुन्हा 14 तारखेला दाखल झाला. विमा कंपनीला मात्र त्याने 10 एप्रिलला कळवलं, कारण एजंटने सांगितलं होतं की पोलिसांचे कागद हातात आले की मगच क्लेम टाका. 3 जूनला कंपनीचं पत्र आलं: चोरीनंतर 29 दिवसांनी कळवलं, पॉलिसीच्या अट क्रमांक 1 चा भंग झाला, सबब क्लेम नामंजूर.

असं पत्र आलं की बहुतेक जण हताश होतात आणि तिथेच थांबतात. थांबायचं काही कारण नाही. तुमचा पोलिसांकडचा कागद वेळेवरचा असेल, तर नुसत्या उशिरा कळवण्यावरून नाकारलेला क्लेम पुन्हा उभा राहू शकतो.

आधी दोन उशीर वेगळे करा

पोलिसांना कळवायला झालेला उशीर आणि विमा कंपनीला कळवायला झालेला उशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीच्या पत्रात त्या हमखास एकत्र केलेल्या असतात, आणि वाचणाराही मग दोन्ही एकच समजून बसतो.

एक कागद घ्या आणि त्यावर चार तारखा लिहा: चोरी लक्षात आल्याची, ठाण्यात गेल्याची, गुन्हा दाखल झाल्याची आणि कंपनीला कळवल्याची. माझ्या भावाच्या कागदावर 12, 12, 14 मार्च आणि 10 एप्रिल असं आलं. पहिल्या दोन तारखांमध्ये अंतर नाही, हेच त्याच्या प्रकरणाचं बळ होतं. दुसरी आणि तिसरी यांच्यातले दोन दिवस ठाण्यामुळे गेले, आणि शिक्क्याच्या अर्जाने ते सिद्ध होतं. चौथी तारीख लांब आहे, पण त्या अंतराबद्दल सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट निकाल दिलेला आहे.

आता पॉलिसीचं पुस्तक उघडा. हल्ली पॉलिसी ईमेलने येते. पहिल्या दोन पानांवर गाडीचा नंबर आणि रकमा असतात, अटी त्याच्या मागे असतात. काही वेळा अटींची वेगळी फाइल कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी लागते. तिथली अट क्रमांक 1 सावकाश वाचा. तिच्या सुरुवातीला म्हटलेलं असतं की अपघाताने नुकसान झालं तर कंपनीला ताबडतोब लेखी कळवावं. शेवटाकडे चोरीसाठी स्वतंत्र वाक्य असतं: चोरी किंवा गुन्हेगारी कृत्य घडल्यास विमाधारकाने पोलिसांना ताबडतोब कळवावं आणि गुन्हेगाराला शिक्षा व्हावी म्हणून कंपनीला सहकार्य करावं. चोरीच्या वाक्यात ‘ताबडतोब’ हा शब्द पोलिसांना जोडलेला आहे. ते वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा. पुढची सगळी तक्रार त्यावर उभी राहणार आहे.

न्यायालयाने काय म्हटलं

या अटीच्या अर्थावरून बरीच वर्षं मतभेद होते. 2010 मध्ये परवेशचंदर चढ्ढा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला होता, आणि कंपन्या तो पुढे करत राहिल्या. 4 ऑक्टोबर 2017 च्या ओमप्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल इन्शुरन्स या निकालात न्यायालयाने उलट भूमिका घेतली: क्लेम खरा आहे हे तपासात दिसत असेल, तर उशिराच्या तांत्रिक कारणामागे कंपनीने लपू नये. त्या प्रकरणातला ट्रकमालक कंपनीकडे आठ दिवसांनी पोचला होता.

दोन निकाल एकमेकांच्या विरुद्ध गेले म्हणून प्रश्न तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे गेला. 24 जानेवारी 2020 ला गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या प्रकरणात उत्तर आलं. तिथे ट्रॅक्टर 28 ऑक्टोबर 2010 ला चोरीला गेला, गुन्हा त्याच दिवशी दाखल झाला, आणि कंपनीला 15 डिसेंबरला कळवलं. कंपनीने क्लेम नाकारला. न्यायालयाने तीच अट वाचली आणि सांगितलं की पहिला भाग अपघाताचा आहे, चोरीसाठी शेवटचा भाग लागू होतो. त्यामागचं कारण साधं आहे. चोरलेलं वाहन शोधायची यंत्रणा पोलिसांकडे असते. अपघातात सर्व्हेयरने लगेच येऊन मोडतोड बघावी लागते, पण चोरीच्या जागी त्याला बघण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. म्हणून गुन्हा लगेच नोंदवला असेल, पोलिसांना वाहन सापडलं नसेल आणि कंपनीच्याच तपासनिसाला चोरी खरी वाटत असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही.

11 फेब्रुवारी 2022 ला जैना कन्स्ट्रक्शन विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या प्रकरणात हाच नियम पुन्हा लावला गेला. तिथे गुन्हा दुसऱ्याच दिवशी नोंदवलेला होता, पण कंपनीला कळवायला सुमारे पाच महिने लागले होते.

याशिवाय विमा नियामकाचं, म्हणजे आयआरडीएआयचं, 20 सप्टेंबर 2011 चं परिपत्रक आहे. त्यात कंपन्यांना बजावलं आहे की उशिराची अट यांत्रिकपणे लावून खरे क्लेम नाकारू नयेत. वेळेवर कळवलं असतं तरी तो क्लेम नाकारलाच गेला असता, अशी परिस्थिती असेल तरच उशिराचं कारण चालेल. पत्रात या परिपत्रकाची तारीख नक्की घाला.

याला मर्यादाही आहे, ती नीट लक्षात घ्या. हे सगळे निकाल पोलिसांकडे लगेच गेलेल्या माणसाला वाचवतात. तुम्ही स्वतःच आठ-दहा दिवस गाडी शोधत बसलात, ठाण्यात गेलाच नाहीत आणि त्याला काही पुरावाही नाही, तर गुरशिंदर सिंगचा निकाल तुमच्या फार कामाचा नाही. तेव्हा उशिराचं खरं कारण कागदावर मांडावं लागतं: रुग्णालयातले दाखल्याचे कागद, परगावी असल्याचं तिकीट, 112 वर फोन केल्याची मोबाइलमधली नोंद, ठाण्यात दिलेला अर्ज. ज्यांची गाडी अजून गेलेली नाही, त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की ठाण्यात ‘दोन दिवसांनी या’ म्हटलं तरी लेखी अर्ज देऊन शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. पोच देत नसतील तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. पोस्टाची पावती हाही पुरावाच.

कागद जमवा

कंपनीच्या नकाराच्या पत्राची प्रत सर्वात वर ठेवा आणि ते शब्दशः वाचा. त्यात फक्त उशीर हेच कारण दिलंय का, की आणखीही काही आहे? याला महत्त्व आहे, कारण नकाराच्या पत्रात जे कारण नाही ते कंपनीला नंतर तक्रारीत नव्याने काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात हे पुन्हा सांगितलं आहे. माझ्या भावाची तक्रार पुढे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे गेली. तिथल्या सुनावणीत कंपनीच्या माणसाने ‘गाडीला हँडल लॉक होतं का?’ असं विचारायला सुरुवात केली. तेव्हा त्याने 3 जूनचं पत्र पुढे केलं आणि विचारलं, यात लॉकचा उल्लेख कुठे आहे? तो विषय तिथेच मिटला.

त्याखाली एफआयआर, ठाण्यातल्या अर्जाची शिक्क्याची प्रत, आरसी, पॉलिसी तिच्या सगळ्या अटींसह, आणि प्रीमियम भरल्याची पावती लावा. गाडीच्या दोन्ही चाव्या कंपनीला दिल्या असतील तर त्याची पोच लावा. चावीवर अनेक क्लेम अडतात. दोनपैकी एक हरवली असेल तर ती कधी आणि कशी हरवली ते आधीच लिहून द्या, तपासनिसाने विचारेपर्यंत थांबू नका.

मग येते ‘अ समरी’. महाराष्ट्रात पोलीस तपास करून न्यायालयाला अहवाल देतात की गुन्हा खरा आहे पण मालाचा किंवा आरोपीचा शोध लागला नाही. याला बोलीत अ समरी म्हणतात. तिला दोन-चार महिने किंवा जास्तही लागतात. तपासी अंमलदाराकडे अर्ज करून ठेवा आणि न्यायालयाने ती मंजूर केल्याची प्रत मिळवा. ही समरी हातात यायच्या आधीच क्लेम नाकारला गेला असला तरी हरकत नाही, ती नंतरही जोडता येते. भावाला ती जुलैत मिळाली, म्हणजे नकारानंतर. तरीही सुनावणीत सर्वांत उपयोगी कागद तोच ठरला, कारण चोरी खरी आहे हे त्यात पोलीस स्वतः सांगत होते.

शेवटी कंपनीच्या तपासनिसाचा अहवाल. कंपनीने नेमलेला माणूस घरी येऊन जबाब घेतो, शेजाऱ्यांना विचारतो, ठाण्यात चौकशी करतो. त्याने चोरी खरी असल्याचं लिहिलं असेल तर ते तुमच्या बाजूचं आहे, म्हणून अहवालाची प्रत लेखी मागा. कंपनीने ती दिली नाही तर तेही तक्रारीत नमूद करा.

पहिली पायरी: कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी

प्रत्येक विमा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचा ईमेल पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर असतो. एजंटशी किंवा शाखेत तोंडी बोलत बसू नका, ते कशातच धरलं जात नाही. पत्र एका पानात बसवा. भावाच्या पत्रातला मुख्य परिच्छेद असा होता:

“माझे वाहन दि. 12/03/2024 रोजी चोरीस गेले. मी त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला (प्रत जोडली आहे) व दि. 14/03/2024 रोजी गुन्हा दाखल झाला. पॉलिसीच्या अट क्र. 1 नुसार चोरी झाल्यास पोलिसांना ताबडतोब कळवणे आवश्यक आहे व ते मी केले आहे. आपण दि. 03/06/2024 च्या पत्राने केवळ उशिरा कळवल्याच्या कारणावरून दावा नाकारला आहे. हे मा. सर्वोच्च न्यायालयाच्या गुरशिंदर सिंग वि. श्रीराम जनरल इन्शुरन्स (24/01/2020) या निर्णयाच्या व विमा नियामकाच्या दि. 20/09/2011 च्या परिपत्रकाच्या विरुद्ध आहे. उशिरामुळे तपासात आपले कोणते नुकसान झाले ते कळवावे. तपासनिसाच्या अहवालाची प्रत द्यावी व दाव्याचा फेरविचार करून विमा रक्कम अदा करावी.”

‘कोणते नुकसान झाले ते कळवावे’ हे वाक्य मुद्दाम घातलं होतं. कंपनीला त्याचं उत्तर देता आलं नाही, आणि ते न देणंच पुढे कामी आलं.

हीच तक्रार नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या पोर्टलवर, bimabharosa.irdai.gov.in इथेही नोंदवा. टोल फ्री क्रमांक 155255 आहे. नियामक स्वतः निवाडा देत नाही, तो तक्रार कंपनीकडे पाठवतो आणि उत्तर मिळतंय का ते बघतो. त्यामुळे निकाल नाही मिळाला तरी तारीखवार नोंद तयार होते.

भावाला 26 जूनला दोन ओळींचं उत्तर आलं: निर्णय कायम आहे. कंपनीने पुन्हा नाकारलं, किंवा एक महिना उत्तरच दिलं नाही, की पुढची पायरी खुली होते.

दुसरी पायरी: विमा लोकपाल की ग्राहक आयोग

माझं मत विचाराल तर घरगुती वापराच्या दुचाकीसाठी किंवा कारसाठी आधी विमा लोकपाल. शुल्क नाही, वकील लागत नाही, तिथे वकील चालतच नाही. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत तक्रार द्यावी लागते. लोकपाल 50 लाख रुपयांपर्यंतचा निवाडा देऊ शकतो, आणि तो निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. म्हणजे लोकपालाने तुमच्याविरुद्ध निर्णय दिला तरी ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा राहतो. उलटं मात्र चालत नाही: त्याच प्रकरणात तुम्ही आधीच ग्राहक आयोगात गेला असाल तर लोकपाल तक्रार घेत नाही. क्रम ठरवताना हे पाहा.

तक्रार cioins.co.in या संकेतस्थळावरून करता येते. राहत्या जिल्ह्याप्रमाणे तुमचं लोकपाल कार्यालय ठरतं. भावाची तक्रार पुण्याच्या कार्यालयात गेली. तक्रारीत नाव, पॉलिसी क्रमांक, चार तारखा, मागणी आणि जोडलेल्या कागदांची यादी एवढं पुरतं. नंतर कंपनीचं म्हणणं मागवलं जातं आणि सुनावणी होते, बऱ्याचदा व्हिडिओवर. भावाची सुनावणी ऑक्टोबरमध्ये झाली. ती वीसेक मिनिटं चालली, आणि त्याला फार काही बोलावं लागलं नाही, कारण सगळं कागदावर होतं. कंपनीच्या प्रतिनिधीने मान्य केलं की त्यांच्या तपासनिसाने चोरीबद्दल शंका व्यक्त केलेली नाही. निवाडा नोव्हेंबरमध्ये आला. पॉलिसीतलं घोषित मूल्य, ज्याला सगळे आयडीव्ही म्हणतात, ते 62 हजार रुपये होतं. त्यातून पॉलिसीतली सक्तीची वजावट 100 रुपये गेली आणि 61 हजार 900 मिळाले. निवाडा मिळाल्यापासून कंपनीने 30 दिवसांत तो पाळायचा असतो.

रक्कम नेहमी आयडीव्हीच्या आसपास ठरते, बाजारभावावर नाही. गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात, आणि उरलेले तुम्हाला. आरसीवर बँकेची नोंद असताना ‘माझ्या खात्यात पैसे का आले नाहीत’ म्हणून नवी तक्रार करण्यात वेळ घालवू नका.

मधल्या काळात कंपनी कधीकधी 75 टक्क्यांवर तडजोड सुचवते, त्याला नॉन-स्टँडर्ड तडजोड म्हणतात. विमाधारकाने पॉलिसीची एखादी अट खरोखर मोडली असेल तर आयोग असा मार्ग काढतात. चोरीबद्दल पोलिसांना वेळेवर कळवलं असेल तर अट मोडलेलीच नाही, तेव्हा पूर्ण रक्कम मागा. पैशाची निकड असेल आणि घ्यायचंच ठरवलं, तर ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेल्या कागदावर सही करण्याआधी थांबून विचार करा, कारण त्या सहीनंतर उरलेले 25 टक्के मागणं फार अवघड होतं.

ग्राहक आयोगात जायचं तर

लोकपालाकडे काही हाती लागलं नाही, किंवा व्याज आणि मनस्तापाची भरपाईही मागायची असेल, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. नकाराच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार हवी. इथे नवखा माणूस एका गोष्टीत गोंधळतो: कोणत्या आयोगात जायचं हे गाडीच्या किमतीवरून नव्हे, तर तुम्ही भरलेल्या प्रीमियमवरून ठरतं. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यामुळे सामान्य वाहनाचं प्रकरण तिथेच जातं. आणि तो प्रीमियम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क शून्य. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत असलं तरी.

दाखल करायला e-jagriti.gov.in हे पोर्टल आहे. अडल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तक्रारीत घटना तारखेच्या क्रमाने लिहा, मग सेवेतली त्रुटी कोणती ते लिहा, आणि शेवटी मागणी: आयडीव्ही, नकाराच्या तारखेपासून व्याज, मनस्तापाची ठरावीक रक्कम, तक्रारीचा खर्च. मनस्तापासाठी अवाच्या सवा आकडा टाकू नका, पटण्याजोगाच लिहा. सोबत प्रतिज्ञापत्र आणि सगळे कागद.

कंपनीला नोटीस मिळाल्यावर उत्तर द्यायला 30 दिवस, आणि आयोगाने दिले तर आणखी 15 दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये ठरवलं. कंपनीचा वकील 46 व्या दिवशी उत्तर घेऊन उभा राहिला तर हे त्याच तारखेला आयोगाच्या नजरेस आणून द्या. रोजनाम्याची प्रत प्रत्येक तारखेला काढून ठेवा, म्हणजे कोणत्या दिवशी काय झालं ते तुमच्याकडे लिहिलेलं असेल.

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला राज्य आयोगात अपील करायचं असेल तर 45 दिवसांत करावं लागतं, आणि आदेशातल्या रकमेचा निम्मा भाग आधी जमा करावा लागतो. लहान रकमेच्या चोरीच्या प्रकरणात इतकी खटपट करण्यापेक्षा पैसे देऊन टाकणं कंपनीला पुष्कळदा सोपं वाटतं.